ताक, लिंबूसोडा, उसाचा रस आणि गोळा: उन्हाळी गाड्याबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

होळी झाली की हे प्रश्न यायला लागतात आणि पहिला पाऊस पडेपर्यंत येत राहतात. विचारणारे बहुतेक जण तालुक्याच्या गावात एक गाडा किंवा टेबल लावू पाहणारे असतात, त्यात बचत गटातल्या बायका बऱ्याच असतात. म्हणून उत्तरं त्या मापाची दिली आहेत. सगळ्यात जास्त प्रश्न ताकाबद्दल येतात, त्यामुळे ताकावर जास्त लिहिलं आहे. भाव सगळीकडे वेगळे असतात. इथले आकडे उदाहरणाचे समजा आणि त्यांच्या जागी तुमच्या गावचे घाला.

१. चारांपैकी सुरुवात कशाने करावी? हातात भांडवल फार नाही.

घरात फ्रीज असेल आणि दुधाची खात्रीची सोय असेल तर ताकाने करा. स्टीलचा टाकीवजा डबा, रवी, बर्फाची पेटी आणि टेबल एवढ्यावर काम सुरू होतं. लिंबू सरबत आणि सोडा याहून सोपा आहे, कारण लिंबू अख्खं असेपर्यंत टिकतं आणि सोडा बाटलीत बंद असतो. ग्राहक आला तरच ग्लास बनतो, म्हणून वाया काही जात नाही. अडचण येते ती लिंबाच्या भावाची (प्रश्न ८ पाहा).

उसाच्या रसाला चरक लागतो, आणि चरकाबरोबर वीज किंवा डिझेल, रोजचा ऊस आणि चिपाडं उचलण्याची सोयही लागते. पहिल्याच उन्हाळ्यात कर्ज काढून चरक घेऊ नये असं मला वाटतं. एक हंगाम भाड्याने चालवून बघावा. गोळ्याचं भांडवल कमी, पण त्याचं गिऱ्हाईक संध्याकाळचं आणि लहान मुलांचं असतं. दुपारच्या उन्हात तहानलेला माणूस गोळा मागत नाही, तो ताक नाहीतर रस मागतो. म्हणून दुपारी ताक आणि संध्याकाळी त्याच गाड्यावर गोळा अशी जोडीही काही जण चालवतात.

२. ताकाच्या गाड्यावर दिवसाला किती सुटतात?

एक दिवस मांडून बघू. २०० मिलीचे १०० ग्लास म्हणजे २० लिटर ताक. त्यासाठी ६ किलो दही आणि १४ लिटर पाणी धरा. हे ताक मध्यम होतं, पाणीदारही नाही आणि घट्ट मठ्ठाही नाही.

६ लिटर दूध ५५ रुपयांनी ३३० रुपये. आलं, मिरची, कोथिंबीर, जिरं, मीठ मिळून ७०. बर्फ १००, पिण्याचं पाणी ३०, कागदी ग्लास १००, येण्याजाण्याचं इंधन ५०, जागेची पावती ४०. एकूण ७२० रुपये. ग्लास १५ रुपयांना विकला तर ४८ ग्लासांवर खर्च निघतो. ९० ग्लास गेले तर १३५० येतात आणि ६३० हातात राहतात. त्यातच तुमची मजुरी आली, आणि तुम्ही सकाळी सहापासून राबलेले असता.

आता ढगाळ दिवस घ्या. ४० ग्लास गेले, ६०० आले, १२० खिशातून गेले. महिन्यात असे पाच-सहा दिवस येतातच, म्हणून चांगल्या दिवसाचा आकडा तिसाने गुणू नका. हा तोटा कमी करण्याचा एकच खरा मार्ग आहे: सकाळी सगळं ताक घुसळू नका. दही थंड पेटीत न्या आणि पाच-पाच लिटर ताक करत जा. गिऱ्हाईक नसलं तर न घुसळलेलं दही घरी परत येतं. त्याची कढी होते, किंवा फडक्यात टांगून श्रीखंडाला चक्का होतो. घुसळून, पाणी घालून, मसाला लावलेलं ताक मात्र गेलंच.

३. गाडा कुठे लावावा? स्टँडसमोर गर्दी आहे, पण तिथे आधीच तिघं बसतात.

गर्दी मोजू नका, थांबणारी माणसं मोजा. धावत बस पकडणारे शंभर जण गेले तरी दहा ग्लास जात नाहीत. बस येईपर्यंत बसलेला, तहसील कचेरीत साहेबाची वाट बघणारा, कोर्टात तारखेला आलेला, सरकारी दवाखान्याच्या रांगेत नातेवाईक उभा असलेला, मार्केट यार्डात माल उतरवून वजनाची वाट बघणारा शेतकरी, हे खरे गिऱ्हाईक. दुपारी बारा ते चार एका ठिकाणी बसून बघा, कितीजण पाच मिनिटांहून जास्त रेंगाळतात. असं बाजाराच्या दिवशी एकदा आणि साध्या दिवशी एकदा करा. आठवडी बाजाराचा आकडा रोजचा समजून जागा घेणारे दुसऱ्याच आठवड्यात निराश होतात.

दुसरी गोष्ट सावलीची. दुपारनंतर सूर्य पश्चिमेला असतो, म्हणून इमारतींची सावली पूर्वेला पडते. रस्ता दक्षिणोत्तर असेल तर त्याच्या पश्चिम कडेला, म्हणजे पूर्वेकडे तोंड असलेल्या दुकानांपुढे, उभे राहा. दोननंतर तिथे सावली येत जाते. समोरच्या बाजूला तेव्हा ऊन अंगावर येतं, बर्फ लवकर वितळतो आणि माणूसही थांबत नाही. सकाळी जागा बघून ठरवणाऱ्यांची इथेच फसगत होते.

उघडं गटार, कचराकुंडी, मटण-मासळीची दुकानं आणि जनावरांचा गोठा जवळ नको. त्या माश्या तुमच्याकडे येणारच. वडापाव किंवा भेळेच्या गाड्याशेजारी मात्र अवश्य बसा, तिखट खाल्लेला माणूस स्वतःहून वळतो. आधीच तिघं बसत असतील तर ते काय विकत नाहीत ते बघा. तीन रसवंत्यांच्या मध्ये ताकाला जागा असते. एसटी स्थानकाच्या आवारात मात्र परवानगीशिवाय बसता येत नाही, फाटकाबाहेरची जागा बघा.

४. बर्फ कारखान्यातून लादी आणतो. तो ग्लासात टाकला तर चालेल का?

तो खाण्याचा बर्फ असेल तरच. मासळी, भाजीपाला, प्रेतपेटी यांच्यासाठी बनणारा बर्फ पिण्याच्या पाण्याचा असेलच असं नाही. म्हणूनच २०१८ मध्ये महाराष्ट्रात अन्न व औषध प्रशासनाने अखाद्य बर्फात निळसर रंग घालण्याची सक्ती केली, खाण्याचा बर्फ बिनरंगाचा ठेवला. लादीत निळसर झाक दिसली तर ती ग्लासात घालायची नाही, गोळ्याला तर नाहीच. पण पांढरी दिसते म्हणून चांगली, असंही समजू नका. कारखान्याकडे खाद्य बर्फाचा परवाना आहे का ते विचारा आणि बिलावर 'खाद्य बर्फ' लिहून घ्या.

बर्फ गोठला म्हणजे जंतू मेले, हा मोठा गैरसमज आहे. काविळीचे, हगवणीचे, टायफॉईडचे जंतू थंडीत टिकून राहतात आणि बर्फ वितळला की ग्लासात उतरतात. शिवाय चांगली लादीसुद्धा वाटेत घाण होते. ती गोणपाटात गुंडाळतात, रिक्षाच्या तळाला ठेवतात, फुटपाथवर आपटून फोडतात. धुतलेलं जाड प्लास्टिक आणि झाकणाची पेटी वापरा. फोडायचा टोच्या आणि बर्फ उचलायचा चिमटा वेगळा ठेवा, हात लावू नका.

ताकाच्या बाबतीत माझं सांगणं असं, की बर्फ ताकात टाकूच नका. हिशेब बघा: ३५ अंशांचं एक लिटर ताक ८ अंशांवर आणायला सुमारे ३०० ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. म्हणजे १५ लिटर ताकात साडेचार किलो बर्फ जातो आणि ताक पाणचट होतं. त्यापेक्षा दही आणि पाणी दोन्ही रात्रभर फ्रीजमध्ये गार करा आणि ताकाचा डबा बर्फाच्या पेटीत ठेवा. बर्फात मूठभर जाडं मीठ टाकलं की तो शून्याच्याही खाली जातो, कुल्फीवाले तेच करतात. डब्याचं झाकण मात्र घट्ट हवं आणि पेटीतल्या पाण्याची पातळी झाकणाच्या खालीच राहायला हवी.

५. थंड पाण्याचे जार मिळतात, ते वापरू का?

वीस रुपयांचा उघड्या तोंडाचा थंड जार आणि सीलबंद आयएसआय शिक्क्याचं पाणी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. थंड जार बहुतेक ठिकाणी फक्त गाळून गार केलेला असतो, आणि जार आतून घासला जातो की नाही ते कुणी बघत नाही. घरचं पाणी उकळून, झाकून गार केलेलं सगळ्यात खात्रीचं. १४ लिटर पाणी उकळायला गॅस जातो हे खरं. ते जमत नसेल तर आरोग्य केंद्रात मिळणारं क्लोरीनचं द्रावण किंवा गोळी, पाकिटावर दिलेल्या प्रमाणात, घालून किमान अर्धा तास थांबा. पाणी गढूळ असेल तर आधी गाळा, गढूळ पाण्यात क्लोरीन नीट काम करत नाही. हात आणि भांडी धुण्याचं पाणी वेगळ्या, नळाच्या टाकीत ठेवा.

६. सकाळी ताक गोड असतं, दुपारी दोनपर्यंत आंबट ढाण होतं. काय चुकतं?

बहुतेक वेळा चूक आदल्या रात्रीची असते. विरजणातले जिवाणू ४० अंशांच्या आसपास सर्वात जोरात काम करतात, आणि एप्रिलमध्ये आपलं स्वयंपाकघरच तेवढं तापलेलं असतं. हिवाळ्यात दही लागायला रात्र जाते, उन्हाळ्यात चार-पाच तासांत लागतं. संध्याकाळी विरजून सकाळपर्यंत ओट्यावर ठेवलं तर दही सकाळीच आंबटाच्या वाटेवर असतं, चवीला मात्र अजून कळत नाही. गाड्यावर दोन तास ऊन लागलं की कळतं.

म्हणून दूध नीट उकळा आणि कोमट झाल्यावर नेहमीपेक्षा कमी विरजण लावा. संध्याकाळी सहाला विरजलं तर दहा-अकराला बघा. दही धरलं की लगेच फ्रीजमध्ये टाका, थंडीत आंबणं मंदावतं. विरजण रोज ताज्या गोड दह्यातलं घ्या. आंबट दह्याचं विरजण दुसऱ्या दिवशी आंबटच दही देतं. कच्च्या दुधाचं दही लावू नका, त्यात आपल्याला हवे ते जिवाणू असतात तसे नको ते पण असतात.

दुसरं कारण मसाला. वाटलेली कोथिंबीर, आलं, मिरची सगळ्या ताकात सकाळीच घातली तर ताकाला दुपारी हिरवा, कुबट वास येतो. कोथिंबिरीच्या मुळाशी माती असते आणि मातीत जंतू. मुळं कापून टाका, पानं दोन-तीन पाण्यांत धुवा, वाटण छोट्या डब्यात बर्फावर ठेवा आणि प्रत्येक पाच लिटरला तेवढंच घाला. मीठ आणि भाजलेल्या जिऱ्याची पूड आधी घातली तरी चालते.

भांडं स्टीलचं हवं. पितळेच्या घागरीतलं ताक दिसायला सुरेख, पण कल्हई उडालेली असेल तर ताकाच्या आंबटपणाने धातू उतरतो, ताक कळकतं आणि पिणाऱ्याला मळमळतं. ॲल्युमिनियमही नको. घागर शोभेसाठी पुढे ठेवा, ताक स्टीलमधलं द्या.

७. ताक बिघडलंय हे ओळखायचं कसं? उरलेलं दुसऱ्या दिवशी चालतं का?

वर हिरवट पाणी सुटलं म्हणजे ताक बिघडलं असं नाही. ती निवळी असते, ढवळलं की मिसळते. बिघडलेलं ताक न हलवताही बुडबुडे सोडतं, झाकण उघडताना फसकन हवा येते, दारूसारखा किंवा कुबट वास येतो, चवीला कडवटपणा असतो, किंवा डावाला तार लागते. यातलं एकही दिसलं तर ओतून द्या. साखर किंवा जास्त मीठ घालून चव झाकू नका.

गाड्यावरून परत आलेलं मसाल्याचं ताक दुसऱ्या दिवशी विकू नये. ते नुसतं आंबट झालेलं नसतं. दिवसभर त्यात डाव बुडालेला असतो, झाकण शेकडो वेळा उघडलेलं असतं. आंबटपणा बऱ्याच जंतूंना रोखतो, पण पाण्यातून किंवा हातातून आलेल्या सगळ्यांना नाही. उरूच नये यासाठी काय करायचं ते प्रश्न २ मध्ये आहे.

८. लिंबू एकदम महाग होतं. सायट्रिक ॲसिड वापरलं तर काय बिघडतं?

लिंबूसत्त्व म्हणून दुकानात मिळणारं खाण्याच्या दर्जाचं सायट्रिक ॲसिड अन्नात चालतं, ते विष नाही. पण त्याचं सरबत 'ताज्या लिंबाचं' म्हणून विकणं ही फसवणूक आहे, आणि रोजचं गिऱ्हाईक ती ओळखतं. लिंबाचा वास सालीतल्या तेलाचा असतो, सत्त्वात फक्त आंबटपणा असतो.

उन्हाळ्यात मागणी सगळ्यात जास्त आणि फळ कमी, म्हणून लिंबाचा भाव दर वर्षी चढतोच. २०२२ च्या एप्रिलमध्ये तो किलोला २०० रुपयांच्या पुढे गेला होता. अशा आठवड्यांत लिंबूसोड्याचा भाव उघडपणे पाच रुपयांनी वाढवा आणि शेजारी कैरीचं पन्हं किंवा कोकम सरबत ठेवा. एप्रिल-मेमध्ये कैरी भरपूर असते आणि दोन्हींत लिंबू लागत नाही.

रस सकाळीच पिळून बाटलीत भरू नका. काही तासांत तो कडू होतो, साल आणि बिया चेपल्या असतील तर आणखी लवकर. आणि काळं मीठ घातलं की सोडा उसळून ग्लासाबाहेर जातो, तर लिंबू, साखर, मीठ आधी तळाशी ढवळा आणि गार सोडा ग्लास तिरका धरून कडेने ओता. कोमट सोड्यातला वायू लगेच उडतो, म्हणून सोड्याच्या बाटल्या बर्फातच हव्यात.

९. उसाचा रस काढून बाटल्यांत भरला आणि कार्यालयांत पोचवला तर?

नका करू. रस चरकातून बाहेर पडला की हवेने काळपट पडायला लागतो आणि उसाच्या सालीवरचे जिवाणू साखरेवर तुटून पडतात. उन्हाळ्यात तासा-दोन तासांत त्याला आंबूस वास येतो, पुढे तो बुळबुळीत होतो. उसाबरोबर लिंबू आणि आलं चरकात घालतात त्याने काळपटपणा लांबतो, जंतू मरत नाहीत. रस समोर काढून समोर प्यायला द्यायचा.

ऊस दोन-तीन दिवसांत संपेल एवढाच आणा आणि सावलीत ओल्या गोणपाटाखाली ठेवा. टोकं कापताना आत लाल पट्टे आणि आंबूस वास आला तर ते कांडं रोगट आहे, बाजूला टाका. ऊस तासून, धुऊन घ्या, खाचेतली माती चरकात गेली की रसात उतरते. एक किलो उसाला साधारण अर्धा लिटर रस धरा. चरकाच्या लाटा दर दोन-तीन तासांनी आणि रात्री गरम पाण्याने, ब्रशने घासा. वाळलेला रस हेच दुसऱ्या दिवशीचं विरजण ठरतं. वंगणाचं तेल रसाच्या पन्हाळीकडे झिरपत नाही ना हेही रोज बघा. चिपाडं दुपारी एकदा उचलली नाहीत तर माश्या आणि गांधीलमाश्या गिऱ्हाईक पळवतात.

१०. गोळ्याच्या रंगीत पाकाचं काय? घरी बनवला तर टिकेल का?

एक लिटर पाण्याला दोन किलो साखर असा घट्ट पाक उकळून केला तर साखरेमुळेच तो टिकतो. पातळ पाक मात्र दोन दिवसांत फसफसतो. फेस किंवा दारूचा वास आला की टाकून द्या. म्हणून मूळ पाक घट्ट ठेवा आणि त्या दिवसापुरताच पातळ करा.

रंग सुटा, पुडीत बांधलेला कधीच घेऊ नका. खाण्याच्या रंगाच्या सीलबंद डबीवर चौदा अंकी परवाना क्रमांक असतो, घालायचं प्रमाणही लिहिलेलं असतं. कपड्याचा ऱ्होडामाईन नावाचा भडक गुलाबी रंग अन्नात बंदी असलेला आहे. कोकम, आवळा, कैरी यांचे पाक रंगाशिवायही खपतात, आईबाप तेच निवडतात. बर्फ हाताने दाबून गोळा वळण्याऐवजी साचा किंवा वाटी वापरा. बर्फाबद्दल बाकी सगळं प्रश्न ४ मध्ये आलं आहे.

११. ग्लास काचेचे बरे की कागदी? आणि नोंदणी लागते का?

एकाच बादलीत बुचकळून काढलेला काचेचा ग्लास सगळ्यात वाईट. दहाव्या गिऱ्हाइकाला आधीच्या नऊ जणांचं तोंड मिळतं. नळाचं वाहतं पाणी आणि साबण असेल तर काच उत्तम आणि स्वस्त. नाहीतर कागदी ग्लास घ्या. एकदा वापरून फेकायचे प्लास्टिकचे ग्लास आणि स्ट्रॉ यांवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे.

नोंदणी लागते. छोट्या विक्रेत्याला मोठा परवाना नको, अन्नसुरक्षेची साधी नोंदणी पुरते. तिचं सरकारी शुल्क वर्षाला १०० रुपये आहे आणि अर्ज foscos.fssai.gov.in वर करता येतो. एजंट हजार-दोन हजार मागतात, त्याआधी सेतू केंद्रात विचारा. जागेचा प्रश्न वेगळा आहे: शहरात नगरपालिकेचं फेरीवाला प्रमाणपत्र, गावात ग्रामपंचायतीची बाजार पावती.

१२. लग्नाची तीनशे पानांची मठ्ठ्याची ऑर्डर आली आहे. गाड्यासारखंच करायचं का?

नाही, इथे सगळा माल एकदम लागतो. जिलेबीबरोबर मठ्ठा असेल तर माणशी पाऊण ते एक ग्लास धरा, म्हणजे ४५ ते ६० लिटर. मठ्ठा गाड्यावरच्या ताकाहून घट्ट लागतो, एक किलो दह्याला दीड लिटर पाणी, म्हणून दही १८ ते २४ किलो लागेल. एवढं दही घरच्या फ्रीजमध्ये मावत नाही. ते डेअरीकडून गोड दही म्हणून आदल्या दिवशी सांगून ठेवा आणि लग्नाच्या सकाळी थंडच उचला.

मुहूर्त दुपारी साडेबाराचा असला तरी पंगत दोनला बसते हे लक्षात ठेवा. घुसळण कार्यालयात, पंगतीच्या अर्धा तास आधी करा. कार्यालयाच्या टाकीचं पाणी वापरू नका, आपलं न्या, कारण बाधा झाली तर तीनशे जणांना एकदम होते. आचाऱ्याला पंगत बसताना विचारून अर्धाच माल घुसळा, दुसऱ्या पंगतीला उरलेला. न घुसळलेलं दही उरलं तर ते परत घेणार की यजमानांकडे ठेवणार, हे ऑर्डर घेतानाच बोलून घ्या आणि अर्धे पैसे दही उचलण्याआधी घ्या.